‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द खोडल्यावर त्या जागी काय लिहायचे?

प्रश्न : मी म्यानमारमधील ‘मा बा था’ या बौद्ध संघटनेवर मराठीत दीर्घ लेख लिहीत आहे. पहिल्या मसुद्यात ‘मूलतत्त्ववादी’, ‘कट्टरपंथी’, ‘धर्मांध’ हे शब्द आलटून-पालटून आले आहेत. मसुदा वाचलेल्या मित्राच्या मते लेख एकतर्फी झाला आहे. या शब्दांना तटस्थ पर्याय कोणते? तशी एखादी यादी कोणाकडे आहे का?

उत्तर :

अशी यादी एके काळी माझ्याकडे होती. कोशातील नोंदी आणि वैचारिक लेख संपादित करण्याच्या कामाला लागलो तेव्हा मी ती स्वतःच तयार केली होती. डाव्या रकान्यात भडक शब्द, उजव्या रकान्यात त्यांचे सौम्य पर्याय. ‘धर्मांध’ला ‘धर्मनिष्ठ’, ‘मूलतत्त्ववादी’ला ‘परंपरावादी’, ‘कट्टर’ला ‘निष्ठावंत’. काही वर्षे ती यादी शेजारी ठेवून मी मजकूर तपासत असे आणि आपण फार नेमके काम करतो आहोत अशी माझी समजूत होती.

मग विसाव्या शतकातील इस्लामी चळवळींवरचा एक लेख माझ्याकडे आला. त्यातला प्रत्येक ‘मूलतत्त्ववादी’ मी ‘परंपरावादी’ केला आणि लेख छापून आला. पंधरा दिवसांनी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच विचारले होते की, ज्या मुस्लिम ब्रदरहुडची स्थापना १९२८ साली इजिप्तमधील इस्माइलिया येथे हसन अल-बन्ना या शाळाशिक्षकाने केली आणि जिच्या कार्यकर्त्यांमध्ये शिक्षक, डॉक्टर, अभियंते यांचा मोठा भरणा राहिला, त्या संघटनेला तुम्ही परंपरावादी कशाच्या आधारे म्हणता? परंपरेने धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्या उलेमांना बाजूला सारून ही माणसे थेट ग्रंथाकडे गेली, आणि आधुनिक पक्षासारखी शाखा-शाखांची संघटना त्यांनी उभी केली. पोस्टकार्डातला मुद्दा बिनतोड होता. मूळ शब्दात निदान शेरा होता हे उघड दिसत होते. माझ्या शब्दात चुकीची माहिती होती, आणि ती सौम्य चेहऱ्याची असल्यामुळे कोणाला खटकलीही नव्हती. त्या दिवशी यादी फाडली.

म्हणून आपल्याला पर्यायी शब्द देण्याआधी हा शब्द वाक्यात नेमके काय करतो ते सांगतो. ‘मूलतत्त्ववादी’ म्हटले की वाचकाच्या मनात एकदम तीन विधाने उमटतात. पहिले, ही माणसे आपला धर्मग्रंथ शब्दशः आणि प्रमादरहित मानतात. दुसरे, राज्य आणि कायदा त्या धर्मानुसार चालावा अशी त्यांची मागणी आहे. तिसरे, ती मागणी पुरी करण्यासाठी ती बळजबरी किंवा हिंसा करतात, किंवा करायला कचरत नाहीत. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. आमिश ख्रिस्ती आपल्या ग्रंथार्थाला इतके घट्ट धरून असतात की मोटार बाळगत नाहीत, पण देशाचा कायदा आपल्यासारखा व्हावा अशी त्यांची इच्छा नसते आणि माणसाविरुद्ध तर ते शस्त्रही उचलत नाहीत. उलट सावरकर कर्मकांड मानणारे नव्हते. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. तरीही हिंदू राष्ट्राची मांडणी करणाऱ्यांत त्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. यहुदी राष्ट्राची मागणी मांडणारे हर्झल आणि पाकिस्तानची मागणी करणारे जीना हेही वैयक्तिक आयुष्यात धर्माचार पाळण्यासाठी ओळखले जात नव्हते. धर्माच्या आधारे राष्ट्राची ओळख ठरवणे ही एक गोष्ट आहे आणि धर्माचे काटेकोर पालन ही दुसरी. ‘मूलतत्त्ववादी’ हा एक शब्द या साऱ्यांवर पांघरला की फरक दिसेनासे होतात.

या शब्दाचा इतिहासही ध्यानात असावा. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘मूलतत्त्वे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली ९० निबंध १२ पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. खनिज तेलाच्या धंद्यातील स्ट्यूअर्ट बंधूंनी त्यांचा खर्च उचलला होता. १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने आपल्या बाजूच्या लोकांसाठी त्यावरून नाव घडवले आणि ते अभिमानाने वापरले. म्हणजे जन्मतः ही शिवी नव्हती. १९२५ च्या स्कोप्स खटल्यानंतर, ज्यात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर टेनेसी राज्यात खटला भरला गेला, या शब्दाला हेटाळणीचा वास येऊ लागला. पुढे तो इतर धर्मांना लावला गेला तेव्हा ‘शब्दशः ग्रंथप्रामाण्य’ हा त्याचा मूळ अर्थ मागे पडला आणि हेटाळणी तेवढी प्रवासात टिकली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेचा सल्ला मला आजही सर्वांत व्यवहार्य वाटतो : एखादा गट स्वतःला हा शब्द लावत नसेल, तर सर्वसाधारणपणे आपणही तो लावू नये.

आता आपली संघटना घेऊ. कोणत्याही शब्दाला हात लावण्यापूर्वी मी एका कोऱ्या कागदावर वरच्या तीन विधानांचे तीन प्रश्न लिहितो आणि प्रत्येकाखाली, संबंधित गटाबद्दल मला पुराव्यानिशी काय सांगता येईल ते उतरवतो. मा बा थाच्या बाबतीत कागद साधारण असा भरेल.

ग्रंथाचे शब्दशः पालन हा तिचा मुख्य आग्रह आहे का? तसे दिसत नाही. तिची चिंता वेगळी आहे. म्यानमारमध्ये बौद्ध धर्म ऱ्हासाच्या वाटेवर आहे आणि त्याचे रक्षण करणे हे भिक्षू व गृहस्थ दोघांचे कर्तव्य आहे, ही तिची भूमिका. म्हणजे ‘मूलतत्त्ववादी’ या शब्दाचा जो मूळ गाभा तोच इथे लागू पडत नाही. राज्याकडून तिची मागणी काय होती? ती अगदी नेमकी सांगता येते. २०१५ साली तेथील संसदेने चार कायदे संमत केले : लोकसंख्या नियंत्रणासंबंधी, बौद्ध स्त्रियांच्या विवाहासंबंधी, धर्मांतरासंबंधी आणि एकपत्नीत्वासंबंधी. या कायद्यांसाठी मा बा थाने मोहीम चालवली होती. यांपैकी धर्मांतराच्या कायद्यानुसार अर्जदार १८ वर्षांचा असावा लागतो, स्थानिक मंडळापुढे त्याची मुलाखत होते आणि नव्या धर्माच्या अभ्यासासाठी ९० दिवसांपर्यंतचा काळ घालवावा लागतो. आणि तिसरा प्रश्न, साधने कोणती? प्रवचने, सह्यांची मोहीम, मुलांसाठी धम्मशाळा, आपत्तीच्या वेळी मदतकार्य, कायदेविषयक साहाय्य. याच काळात मुस्लिमविरोधी भाषणेही झाली आणि हिंसाचारही झाला. पण संघटनेचा ठराव, तिच्यातील एखाद्या भिक्षूचे भाषण आणि रस्त्यावरच्या जमावाची कृती या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांतला दुवा असेल तिथे तो दाखवावा लागतो. विशेषणाने जोडून चालत नाही.

हा कागद भरला की लेखातला अर्धा प्रश्न आपोआप सुटतो, कारण विशेषणाच्या जागी लिहायला मजकूर हाती आलेला असतो. आपल्या मसुद्यात असण्याची शक्यता आहे असे एक वाक्य मी नमुन्यादाखल घेतो :

*‘मा बा था या कट्टरपंथी संघटनेच्या धर्मांध भिक्षूंनी सरकारला वेठीस धरून मुस्लिमद्वेष्टे कायदे करवून घेतले.’*

पंधरा शब्दांत पाच निवाडे आहेत : कट्टरपंथी, धर्मांध, वेठीस धरून, मुस्लिमद्वेष्टे, करवून घेतले. वाचकाला यातून एकही तपासण्याजोगी गोष्ट कळत नाही. कोणते कायदे, कधी, त्यांत काय होते, सरकारची स्वतःची इच्छा किती होती, काहीच नाही. यादी वापरून हेच वाक्य सौम्य केले तर ‘मा बा था या धर्मनिष्ठ संघटनेच्या भिक्षूंच्या आग्रहावरून सरकारने धर्मरक्षक कायदे केले’ असे होईल, आणि ते पहिल्याइतकेच एकतर्फी आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. मी ते असे लिहीन :

*‘बौद्ध धर्म आणि बर्मी बौद्धांची ओळख यांना मुस्लिमांपासून धोका आहे, अशी मांडणी करणाऱ्या मा बा था या भिक्षूंच्या नेतृत्वाखालील संघटनेने चार कायद्यांसाठी देशभर मोहीम चालवली. २०१५ मध्ये संसदेने ते संमत केले आणि अध्यक्ष थेन सेन यांनी त्यांवर स्वाक्षरी केली. संघटना व सरकारमधील त्यांचे समर्थक या कायद्यांना बौद्ध स्त्रियांचे संरक्षण म्हणत. मानवाधिकार संघटनांनी ते स्त्रिया व धार्मिक अल्पसंख्य यांच्याबाबत भेदभाव करणारे असल्याची टीका केली.’*

वाक्य लांबले, हे मान्य. तटस्थ लेखनाला जागा लागते. ज्यांना शब्दमर्यादा कमी आहे ते विशेषणांच्या आहारी लवकर जातात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पण दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात शेरा नाही, तरी संघटनेची बाजू सावरलेलीही नाही. उलट तिने काय केले हे पहिल्यापेक्षा जास्त उघड झाले आहे, आणि तिचा अनुयायीसुद्धा ‘हे खोटे आहे’ असे म्हणू शकणार नाही. माझी कसोटी हीच असते. गटातल्या जाणत्या माणसाने वाचून ‘निष्कर्ष पटत नाहीत, पण आम्ही केले ते हेच’ असे म्हणावे, आणि त्या गटामुळे ज्यांना झळ पोहोचली त्यांनीही ‘आमच्यावर जे गुदरले ते यात आहे’ असे म्हणावे. दोघांपैकी एकच समाधानी असेल तर मसुदा परत हाती घ्यावा.

संघटनेचे नावच आपल्याला पहिल्या परिच्छेदात अडवणार आहे. मा बा था हे आद्याक्षरांचे नाव आहे. त्यातला ‘मा’ येतो ‘अम्यो’ या बर्मी शब्दावरून, आणि अम्यो म्हणजे कूळ, वंश, जात, राष्ट्र यांपैकी संदर्भानुसार काहीही. आपण ‘वंश व धर्म संरक्षण संघटना’ असे भाषांतर केले तर वाचकाला ती वंशवादी वाटते. ‘राष्ट्र व धर्म’ केले तर देशभक्तांची वाटते. इंग्रजीतही तिच्या नावाची दोन्ही प्रकारची भाषांतरे चालतात, आणि आपला आधारग्रंथ कोणते वापरतो त्यावर आपल्या लेखाचा सूर नकळत ठरतो. दुसरे अक्षर ‘बाथा’चे. तो पालीतील ‘भासा’, म्हणजे आपली ‘भाषा’, पण बर्मीत तो धर्म या अर्थीही चालतो. तिसरे ‘थाथना’, म्हणजे पालीतील ‘सासन’, बुद्धाची शिकवण आणि तिचा टिकाव. याचे संस्कृत रूप ‘शासन’, आणि मराठी वाचक ‘शासन’ म्हटले की मंत्रालय समजतो. मी पाहिलेल्या एका अनुवादात ‘भिक्षूंना शासनाच्या रक्षणाची चिंता वाटत होती’ असे वाक्य होते आणि त्यावरून भिक्षू सरकारधार्जिणे असल्याचा निष्कर्ष पुढे काढला होता! म्हणून अशा वेळी मूळ शब्द देवनागरीत ठेवावा, त्याच्या दोन-तीन अर्थच्छटा एकदाच सांगाव्यात आणि पुढे ‘मा बा था’ एवढेच लिहावे.

स्वतः निवडलेले नाव वापरायचे, हा सर्वसाधारण नियम आहे. ‘वहाबी’ हे नाव बहुतांशी विरोधकांनी दिलेले. त्या मताचे लोक स्वतःला सलफी किंवा एकेश्वरवादी म्हणवतात. ‘अतिसनातनी’ यहुदी असे जे लिहिले जाते ते हरेदी समाजातील अनेकांना रुचत नाही. त्यांना ‘हरेदी’ म्हणावे आणि शब्दाचा अर्थ, देवाच्या वचनापुढे थरथरणारा, सांगून टाकावा. ‘हिंदुत्ववादी’ हा शब्द मात्र निःसंकोच वापरता येतो, कारण त्या विचाराची माणसे तो स्वतः मिरवतात. अपवाद इतकाच की स्वतःचे नाव जेव्हा एखादा वादग्रस्त हक्कच सांगत असते, तेव्हा ते नाव आहे हे दाखवावे लागते. ‘इस्लामिक स्टेट’ला राज्य म्हणायचे का, हा असाच प्रश्न होता, फ्रेंच सरकारने २०१४ मध्ये ‘दाएश’ हा विरोधकांचा शब्द उचलला. पण तोही शब्द तटस्थ नाही. ‘इस्लामिक स्टेट नावाची सशस्त्र संघटना’ एवढ्याने काम भागते.

आपल्या विषयात नावाचा याहून नाजूक प्रश्न ‘रोहिंग्या’ या शब्दाचा आहे. म्यानमारचे सरकार या मुस्लिम समाजाला ‘बंगाली’ म्हणत आले. २०१४ च्या जनगणनेत ज्यांनी स्वतःची नोंद रोहिंग्या म्हणून करण्याचा आग्रह धरला त्यांची गणतीच झाली नाही. इथे ‘दोन्ही बाजूंचे शब्द आलटून-पालटून वापरू’ ही तटस्थता नव्हे. माणसे स्वतःला ज्या नावाने ओळखतात ते आपल्या वाक्यात वापरावे, आणि सरकार व मा बा था ते नाव का नाकारतात ते माहिती म्हणून एकदा सांगावे. ‘बंगाली’ हा शब्द आला तर तो कोणाच्या तोंडचा आहे हे त्याच वाक्यात दिसले पाहिजे.

आता मराठीबद्दल थोडे, कारण परकीय शैलीपुस्तिका आपल्याला इथे उपयोगी पडत नाहीत. आपल्या शब्दांचे वजन आपल्यालाच ठाऊक. ‘कट्टर’ हा शब्द मराठीत निम्मा शेरा आणि निम्मा गौरव आहे. कार्यकर्ता आपल्या पक्षाचा ‘कट्टर समर्थक’ असल्याचे छाती पुढे काढून सांगतो. त्यामुळे ‘कट्टर बौद्ध’ लिहिले की एक वाचक धर्मवेडा समजतो आणि दुसरा नेमाने पंचशील पाळणारा. ज्या शब्दाचा अर्थ वाचकाच्या पक्षावर ठरतो तो माहितीच्या लेखात नको. ‘मूलगामी’ तर आपल्याकडे स्तुतीचा शब्द आहे, मुळाशी जाणारा विचार. त्याची ‘मूलतत्त्ववादी’शी गल्लत होते तेव्हा गमतीदार वाक्ये जन्माला येतात. ‘सांप्रदायिक’ हा हिंदीच्या वाटेने आलेला शब्द टाळा, कारण आपल्याकडे संप्रदाय हा वारकऱ्यांचा असतो आणि ‘सांप्रदायिक’ हे भजनाचे विशेषण आहे. ‘जातीय दंगल’ हाही जुना मराठी शब्दप्रयोग धर्मीय दंगलीसाठी चालतो, पण आजच्या वाचकाला त्यात जात दिसते. ‘बौद्ध व मुस्लिम जमावांमधील हिंसाचार’ किंवा, हल्ला एकाच बाजूने झाला असेल तर, ‘मुस्लिमांच्या घरांवर बौद्ध जमावाचा हल्ला’ असे लिहावे. ‘अतिरेकी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी बंदूकधाऱ्यासाठी इतका रुळवला आहे की ‘अतिरेकी मते’ लिहिले तरी वाचकाला बंदूक दिसते.

याहून सूक्ष्म जागा क्रियापदांत आहे. सरकारी प्रवक्ता ‘स्पष्ट करतो’, मानवाधिकार कार्यकर्ता ‘निदर्शनास आणतो’, आणि भिक्षू ‘दावा करतो’ किंवा ‘बरळतो’. माझ्याकडे मसुदा आला की मी फक्त बोलण्याची क्रियापदे अधोरेखित करून पाहतो. पाच मिनिटांत लेखकाचा कल कळतो. ‘म्हणाले’ हे निरुपद्रवी क्रियापद आहे, त्याची पुनरुक्ती झाली तरी बिघडत नाही. आणि त्याच ओघात एकेरी-आदरार्थी तपासा. पोप ‘म्हणाले’, दलाई लामा ‘म्हणाले’ आणि मुस्लिमविरोधी भाषणांमुळे गाजलेले म्यानमारमधील भिक्षू विराथू मात्र ‘म्हणाला’, असे आपल्या मसुद्यात झाले आहे का? एकेरीत उतरवणे हा मराठीतला सर्वांत स्वस्त निवाडा आहे. एकच नियम ठरवून सर्वांना लावा. मी लेखभर सर्वांनाच आदरार्थी ठेवतो, मग तो आरोपी असो की अध्यक्ष. असे केल्याबद्दल मला रागाची पत्रेही आली आहेत, पण व्याकरणाने शिक्षा देण्याचे काम माझे नाही.

अवतरणचिन्हे आणि ‘तथाकथित’ हेही याच जातीचे. एखाद्या शब्दाभोवती पहिल्या उल्लेखात, तो कोणाचा आहे हे दाखवण्यासाठी, अवतरण घालावे. पुढे प्रत्येक वेळी ते राहिले तर डोळा मारल्यासारखे वाटते.

विराथू यांचा उल्लेख आला आहे, तेव्हा शिक्का मारल्याने प्रत्यक्षात काय बिघडते त्याचे उदाहरण तिथेच आहे. जुलै २०१३ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापून ‘बौद्ध दहशतीचा चेहरा’ अशा अर्थाचा मथळा दिला. त्या अंकावर म्यानमार आणि श्रीलंकेत बंदी आली, आणि चर्चा विराथूंच्या भाषणांत काय होते यावरून हटून ‘बौद्ध धर्माला दहशतीशी जोडले’ या मुद्द्यावर गेली. मथळ्यातल्या विशेषणाचे कर्तृत्व असे असते. ते ज्याच्यावर टीका करायची त्यालाच, त्याच्या धर्मातील सर्वांच्या वतीने दुखावला जाण्याची संधी देते. तिथे ‘विराथू’ हे नाव, भाषणाची तारीख आणि त्यांचे नेमके शब्द असते तर तो मार्ग इतका सोपा झाला नसता.

आपल्या मित्राचा आक्षेप दूर करण्याच्या नादात एक उलटी चूक होऊ नये, म्हणून सांगतो. तटस्थ म्हणजे गुळगुळीत नव्हे. मार्च २०१३ मध्ये म्यानमारमधील मेइक्तिला शहरात धार्मिक हिंसाचारात ४० हून अधिक माणसे मारली गेली. तिथे ‘दुर्दैवी घटना घडली’, ‘तणावातून जीवितहानी झाली’ असे लिहिणे म्हणजे कर्ता लपवणे. मराठीचा कर्मणी प्रयोग यासाठी फार सोयीचा आहे, म्हणून त्याच्यापासून सावध राहा. कोणी मारले ते ठाऊक असेल तर कर्ता लिहा, ठाऊक नसेल तर तसे लिहा. हत्या ही हत्याच आहे. ‘हत्या’ हा शब्द भडक नाही, तो वर्णन करणारा आहे. भडक आणि कठोर यांत मी असा फरक करतो : कठोर शब्दाला पुरावा मागता येतो, भडक शब्दाला नाही. ‘या भाषणात त्यांनी मुस्लिमांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले’ हे कठोर आहे आणि पडताळता येते. ‘विखारी भाषण’ पडताळता येत नाही.

दुसरा धर्म घालून वाचण्याची कसोटी आपण ऐकली असेल. वाक्यात बौद्धच्या जागी मुस्लिम, हिंदू किंवा ख्रिस्ती घालून पाहायचे आणि ते तितकेच स्वाभाविक वाटते का ते तपासायचे. मी ती वापरतो, विशेषतः समासांसाठी. ‘इस्लामी दहशतवाद’ लिहिणारा हात ‘बौद्ध दहशतवाद’ लिहिताना अडतो का, आणि अडत असेल तर का, हे पाहण्यासारखे असते. पण ही कसोटी शब्दांपुरतीच चालते. दोन चळवळींची व्याप्ती, बळी, राज्याशी नाते वेगळे असताना परिच्छेदांची लांबी सारखी करण्यासाठी ती वापरली, तर नवा खोटेपणा तयार होतो.

मग ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द कधीच वापरू नये का? माझ्या मते तीन ठिकाणी तो बसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ज्या अमेरिकी प्रोटेस्टंटांनी तो स्वतः घेतला त्यांच्यासाठी. तुलनात्मक अभ्यासावर लिहिताना, त्या अभ्यासकाची व्याख्या सांगून, कारण काही अभ्यासक तो निंदेसाठी नव्हे तर पारिभाषिक संज्ञा म्हणून वापरतात. आणि कोणी कोणाला तसे म्हटले हीच बातमी असेल तेव्हा, म्हणणाऱ्याच्या नावासह. आपल्या लेखासाठी ‘बौद्ध राष्ट्रवादी’ ही संज्ञा मी पसंत करीन. तीही काही निष्पाप नाही. काही अनुयायी आपले काम केवळ धर्मरक्षणाचे असल्याचे सांगतील आणि ‘राष्ट्रवादी’ या शब्दाला नाक मुरडतील. पण मा बा थाचा दावा धर्म आणि राष्ट्रीय ओळख यांच्या नात्याबद्दल आहे, ग्रंथार्थाबद्दल नाही, म्हणून वर्णन म्हणून ती संज्ञा खरी उतरते. पहिल्या उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगून टाका. हे उत्तर दुसऱ्या गटाला जसेच्या तसे लागू होईल असे मात्र समजू नका. ट्युनिशियातील एन्नहदा पक्षाने २०१६ मध्ये आपण राजकीय इस्लाममधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि ‘मुस्लिम लोकशाहीवादी’ हे नाव घेतले, म्हणजे अशा गटाबाबत कोणत्या वर्षाबद्दल लिहितो आहोत त्यावर शब्द बदलतो.

काळाचा हाच प्रश्न आपल्या लेखाच्या शेवटच्या भागात येईल. मे २०१७ मध्ये म्यानमारच्या भिक्षुसंघाच्या सर्वोच्च समितीने, जिच्यात ४७ भिक्षू असतात, मा बा था हे नाव वापरण्यास मनाई केली, आणि संघटनेच्या मुख्य भागाने वेगळ्या नावाने काम पुढे चालू ठेवले. आपल्या मसुद्यात इथे ‘मवाळ भिक्षूंनी जहालांना वेसण घातली’ अशा धर्तीचे वाक्य येण्याचा फार संभव आहे, कारण आपल्या इतिहासाने मवाळ-जहाल ही जोडी जिभेवर ठेवली आहे. समितीचा आक्षेप नाव आणि नियमबाह्य स्थापना यांच्यावर होता; समितीतले सारे भिक्षू त्या चार कायद्यांच्या विरोधात होते असे त्यातून सिद्ध होत नाही. तिथे समितीने काय आदेश दिला आणि संघटनेने काय केले एवढेच लिहा, आणि २०१७ नंतरच्या परिच्छेदांत ‘मा बा था’ऐवजी ‘पूर्वीची मा बा था’ असा उल्लेख ठेवा.